बिल फाटण्याआधी भाव तपासताना : तेलाच्या डब्याने शिकवलेला हिशेब

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका घाऊक किराणा पेढीत मी गेली काही वर्षे हिशेब आणि बिलिंग पाहते. आमचा मुख्य माल खाद्यतेल, साखर आणि डाळी. सिन्नर, निफाड, दिंडोरी आणि ओझर या चार लाइनींवर आमचे सेल्समन दिवसभर दुकानदारांच्या ऑर्डरी मोबाइलवर घेतात. त्या संध्याकाळी सातपर्यंत आमच्याकडे जमा होतात, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान साठ-सत्तर बिले निघतात आणि गाड्या भरून बाहेर पडतात. ऑर्डर आणि बिल यांच्यामध्ये एक पूर्ण रात्र असते, आणि माझा हा सगळा अनुभव त्या एका रात्रीशी बांधलेला आहे.

शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४ रोजी गणपतीचे दिवस असल्यामुळे तेलाची मागणी चांगली होती. सोयाबीन तेलाच्या पंधरा किलोच्या १३२ डब्यांच्या ऑर्डरी त्या संध्याकाळी आल्या. आमच्या भावपत्रकात डब्याचा भाव जीएसटी सोडून १,५७५ रुपये होता आणि वाहतूक व हमाली धरून तो आम्हाला १,५४५ रुपयांना पडत होता. डब्यामागे तीस रुपये, म्हणजे दोन टक्क्यांच्याही थोडे आत, हा तेलातला नेहमीचा नफा. त्याच रात्री केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले. कृषी अधिभार आणि समाजकल्याण अधिभार धरून एकूण आकारणी ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेली आणि शनिवारपासून ती लागू झाली.

गोदामात ८० डबे होते. ते शनिवारी सकाळी जुन्या भावाने गेले, आणि ते जुन्याच भावाने घेतलेले असल्यामुळे त्यात तोटा दिसला नाही. नवी गाडी शनिवारी १,७६० रुपयांनी ठरली. ती सोमवारी सकाळी उतरली आणि राहिलेले ५२ डबे त्याच गाडीतून दुकानदारांकडे रवाना झाले. नवा डबा आम्हाला १,७७५ रुपयांना पडला होता, बिल मात्र १,५७५ रुपयांनीच निघाले. मंगळवारी विसर्जन असल्याने गाडीचे खरेदी बिल मी बुधवारी चढवले, आणि तेव्हा १०,४०० रुपयांचा तोटा माझ्या समोर आला. डब्यामागे तीस रुपये मिळतात हे लक्षात घेतले, तर हा तोटा भरून काढायला साधारण ३४७ डबे विकावे लागतात.

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये विक्री भाव खरेदीपेक्षा कमी असल्यास सूचना दाखवण्याची सोय होती आणि ती चालूही होती, तरीही सोमवारी ती गप्प राहिली. ज्या मालाची खरेदी अजून चढवलेलीच नाही, त्याचा भाव सॉफ्टवेअरला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या लेखी डबा अजून १,५४५ रुपयांचाच होता. गोदामात माल उतरल्यावर नोंद होण्याआधीच बिल फाडण्याची आमची सवय होती, त्यामुळे साठा उणे दाखवत असूनही बिल निघत गेले.

सुरुवातीला मला वाटले, की खरेदीची नोंद त्याच दिवशी केली की प्रश्न मिटेल. मी तसा नियम केला आणि महिनाभर पाळला. तेवढ्यात दुसरी अडचण उघडी पडली. आमचे सॉफ्टवेअर तुलनेसाठी सरासरी खरेदी भाव धरत होते. समजा, गोदामात १,५४५ रुपयांचे ४०० डबे आहेत आणि त्यात १,६०० रुपयांनी पडलेले १०० डबे आले. सरासरी १,५५६ रुपये होते आणि १,५७५ हा भाव तिच्यापेक्षा वरचाच दिसतो, म्हणून सूचना येत नाही. प्रत्यक्षात आज विकलेल्या डब्याच्या जागी उद्या डबा आणायचा, तर तो १,६०० रुपयांनाच आणावा लागतो. साठा मोठा असेल तितकी सरासरी उशिरा हलते, आणि भाव चढत असताना हा उशीरच नडतो.

याशिवाय सूचनेची वेळही चुकीची होती. सकाळी गाडी दारात उभी असते, हमाल बसलेले असतात आणि आमचा बिलिंगचा मुलगा एकेक बिल सोडत असतो. त्या क्षणी पडद्यावर चौकट आली, तर तो एंटर दाबून पुढे जातो. त्याला दोष द्यावा असे मला कधीच वाटले नाही, कारण भाव बदलण्याचा अधिकार त्याला नाही आणि सकाळी साडेसातला दुकानदाराला फोन करून भाव वाढल्याचे सांगणे त्याच्या हातात नाही. म्हणून तपासणी आदल्या संध्याकाळीच व्हावी आणि तिचा निर्णय ज्याला घेता येतो त्याच्यापर्यंत ती पोहोचावी, हे मी पेढीच्या मालकांना, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, समजावून सांगितले. काका म्हणाले, “तू रोज संध्याकाळी यादी दे. मी रात्री जेवणाआधी ती पाहतोच.”

मग मी एका एक्सेल फाइलमध्ये भावपत्रक, शेवटचे खरेदी भाव आणि प्रलंबित ऑर्डरी एकत्र आणल्या. स्तंभ थोडेच ठेवले. बी मध्ये मागवलेल्या एककाचा विक्री भाव, ऑर्डरवरची सूट वजा करून. सी मध्ये त्या भावात जीएसटी धरलेला असेल तर त्याचा टक्का, नसेल तर शून्य. डी मध्ये शेवटचा खरेदी भाव, ई मध्ये वाहतूक आणि हमाली, आणि एफ मध्ये आजचा भाव. हा शेवटचा स्तंभ सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. आमचा तेलाचा दलाल रोज सकाळी आणि भाव हलला तर दुपारीही व्हॉट्सॲपवर दर पाठवतो. मी तो दर, खरेदी झालेली असो वा नसो, एफ मध्ये भरते. शुल्कवाढीच्या त्या शनिवारी ही सवय असती, तर संध्याकाळीच ५२ डबे लाल झाले असते. तोटा ओळखणारे सूत्र खाली दिले आहे; ज्या ओळीवर ‘थांबवा’ येते ती लाल होते.

```
=IF(MAX(D2,F2)<=0,"भाव नाही",IF(B2/(1+C2/100)<MAX(D2,F2)+E2,"थांबवा",""))
```

या ओळीतला प्रत्येक तुकडा एकेका चुकीतून आला आहे. जीएसटीचा भाग आधी नव्हता. डब्याचा भाव आम्ही कर सोडून लिहितो, पण एक लिटरच्या पाउचच्या पेटीचा भाव दुकानदारांच्या सोयीसाठी कर धरून लिहिलेला होता. खरेदी भाव मात्र करावेगळाच असतो, कारण भरलेल्या कराची वजावट आम्हाला मिळते. खाद्यतेलावर जीएसटी ५ टक्के आणि आमचा नफा २ टक्के. म्हणजे पेटी तोट्यात गेली तरी कराचे पाच टक्के तो तोटा झाकून टाकत होते आणि पेट्यांवर एकदाही सूचना आली नव्हती. जिथे कधीच सूचना येत नाही, तिथे काही तरी बिघडलेले असते, हे मला त्या पेट्यांवरून समजले. तेव्हापासून दर सोमवारी मी एका जिन्नसाचा भाव मुद्दाम दहा रुपयांनी खरेदीखाली लिहून पाहते आणि ओळ लाल झाली की तो पूर्ववत करते.

‘भाव नाही’ हा तुकडा मोफत मालामुळे घालावा लागला. दहा पेट्यांवर एक पेटी मोफत अशी योजना असते तेव्हा खरेदी बिलात मोफत पेटीची ओळ शून्य रुपयांची येते. ती बिलात शेवटी असल्यामुळे ‘शेवटचा खरेदी भाव’ म्हणून फाइलमध्ये शून्यच उतरत होता, आणि शून्यापेक्षा कोणताही भाव जास्तच. आता दहा पेट्यांची रक्कम अकरांत वाटून मी भाव काढते. पुढच्या महिन्यात क्रेडिट नोट देऊ असे कंपनीचा माणूस तोंडी सांगतो, ती रक्कम मात्र मी भावातून वजा करत नाही. कागद हाती आल्यावरच ती धरते.

एककांनी तर आम्हाला आठवडाभर खोटा तोटा दाखवला. तेलाचा डबा पंधरा किलोचा असतो तसा पंधरा लिटरचाही असतो. सोयाबीन तेलाचे एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरते, म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल. दोन्ही जिन्नसांची नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे लिटरच्या डब्यासमोर किलोच्या डब्याचा खरेदी भाव लागला होता. सिन्नर लाइनचा सेल्समन म्हणाला, “ताई, हा डबा लाल दाखवतोय, पण यात आपण कधीच तोटा केला नाही.” त्याच्या सांगण्यावरून मी शोधले आणि दोन्ही नावांच्या पुढे ‘कि’ आणि ‘लि’ जोडून टाकले.

सुरुवातीला मी तीन टक्क्यांपेक्षा कमी नफा असलेल्या प्रत्येक ओळीवर पिवळा रंग दिला होता. तेलात नफाच दोन टक्के, त्यामुळे रोज चाळीसेक ओळी पिवळ्या होत आणि काकांनी चौथ्या दिवशी यादी उघडणे सोडले. आता तेलासाठी पिवळी रेघ अर्ध्या टक्क्यावर आहे. बहुतेक दिवशी यादीत दोन-तीन ओळी असतात, कधी एकही नसते. काका प्रत्येक लाल ओळीवर तीनपैकी एक शब्द लिहून पाठवतात : ‘भाव वाढवा’, ‘शब्द पाळा’ किंवा ‘थांबवा’. पहिला शब्द आला, तर सेल्समन त्याच रात्री दुकानदाराला फोन करतो. दुकानदार नाराज होतात हे खरे, पण रात्री आठला सांगितलेला भाव ते मान्य करतात किंवा माल नको म्हणतात. बिल हातात पडल्यावर वाद घालण्यापेक्षा ते दोघांनाही परवडते.

उलटी परिस्थिती ३० मे २०२५ रोजी आली. सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले, एकूण आकारणी १६.५ टक्के झाली आणि बाजार खाली आला. आम्ही भावपत्रक उतरवले. गोदामात महाग घेतलेले डबे होते, त्यामुळे शेवटच्या खरेदीशी तुलना करून फाइलने तेलाच्या सगळ्या ओळी लाल केल्या. सूचना बरोबर होती, पण येथे भाव वाढवून उपयोग नव्हता, कारण शेजारची पेढी नव्या मालाच्या भावाने विकत होती. काकांनी सगळ्या ओळींवर ‘शब्द पाळा’ लिहिले आणि जुना साठा तोट्यात काढला. त्यानंतर मी एफ वरून वेगळा स्तंभ जोडला. शेवटच्या खरेदीखाली पण आजच्या भावाच्या वर असलेली ओळ आता निळी होते, आणि आजच्याही भावाखाली गेलेली तेवढीच लाल राहते.

एक जागा अजून उघडी आहे. सहा-सहा महिने खरेदी न झालेल्या जिन्नसांना दलालाचा रोजचा भाव नसतो आणि शेवटचा खरेदी भाव शिळा असतो. अशा ओळींपुढे खरेदीची तारीख छापायला मी मागच्या आठवड्यात सुरुवात केली आहे, आणि नव्वद दिवसांपेक्षा जुनी तारीख दिसली की ऑर्डर सोडण्याआधी मी स्वतः फोन करून भाव विचारते.