पंपाच्या रिवाइंडिंगपासून ट्रेडमिलपर्यंत, आमची वाटचाल

आमचं दुकान परभणीत. मूळ धंदा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटरी रिवाइंडिंग करायचा. उन्हाळ्यात दम खायला वेळ नसायचा आणि पावसाळ्यात दुकानात माशा मारायच्या. ट्रेडमिलचा धंदा करायचा असं काही ठरवून झालं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमधे जिम बंद पडल्या, ज्याला परवडलं त्यानं घरी मशीन घेतलं, आणि वर्षा-दोन वर्षात त्याच मशीनवर कपडे वाळायला लागले. मग कोणी दुरुस्तीला आणून टाकायचं, कोणी म्हणायचं तुम्हीच विका. असं करत करत आज आमचं निम्मं काम जुन्या ट्रेडमिलचंच चालायलंय.

रोज सकाळी व्हाट्सॲपला फोटो येतात आणि प्रश्न ठरलेला, भाऊ ही कोणती मशीन हाय, मोटर कितीची आणि किती द्यायचे.

पहिल्या वर्षी आम्ही फोटोवर लई मोठा फटका खाल्ला. एका फ्लॅटमधली मशीन, पुढच्या कव्हरवर भलंमोठं स्टिकर, पाच एचपी. मी नुसता फोटो बघून ३२ हजाराला घेतली आणि तालुक्याच्या एका जिमवाल्याला दिली. महिन्याच्या आत मोटर जळाली. उघडून बघितलं तर मोटरच्या अंगावर जी माहितीची पट्टी असते तिच्यावर दीड एचपी. अण्णा शेजारी उभे होते, म्हणाले, "हिच्यात पाच एचपी असते तर वावरात नेऊन बसवली नसती का, पाच एचपीच्या मोटरीला वायर केवढी लागते ते तुला सांगावं लागतंय का?" जिमवाल्याचे पैसे परत दिले. तेव्हापासून स्टिकरवर विश्वास ठेवायचा बंद.

स्टिकरवरचा आकडा असतो पीकचा, म्हणजे मोटर क्षणभर जेवढी ताकद मारू शकते तेवढा. माणूस अर्धा तास चालणार असतो, त्याला लागते ती कायम टिकणारी ताकद, आणि ती मोटरच्या पट्टीवर असते. फोटोत पट्टी दिसत नसली तरी पिनकडे बघा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट घ्यायचे. ते सगळेच्या सगळे मोटरलाच मिळाले असं धरलं तरी पावणेदोन-दोन एचपीच्या पुढं गणित जात नाही. मग बारीक पिनवर चालणाऱ्या मशीनवर कायमचे चार एचपी येणार कुठून? आता जाड १६ अँपिअरची पिन आहे म्हणजे मोटर मोठीच, असंही नाही, पण बारीक पिन असली तर मोटर मोठी नाही एवढं नक्की.

दुसरं बघायचं ज्याच्यावर चालतो त्या पट्ट्याची रुंदी, कारण बारीक मोटरवर कंपनी रुंद पट्टा सहसा देत नाही. आधी मी फरशीवरून अंदाज काढायचो, दोन फुटी फरशी ६० सेंटीमीटरची, त्या हिशोबानं. पण पट्टा जमिनीपासून वर असतो, कॅमेऱ्याला जवळ पडतो आणि आहे त्याहून मोठा दिसतो, त्यात दोनदा फसलो. आता सरळ सांगतो, पोराची शाळेची पट्टी पट्ट्यावर आडवी ठेवा आणि वरून फोटो काढा. ४०-४२ सेंटीमीटर आला तर घरगुती हलकी मशीन. ५० च्या पुढं असेल तर नीट बोलायला बसायचं.

कंपनीचं नाव मी सगळ्यात शेवटी विचारतो. एकाच कारखान्यातून आलेला सांगाडा चार नावांनी विकला जातो, मागच्या पट्टा ताणायच्या बोल्टाजवळची टोपी आणि चढ द्यायची खिट्टी बघितली की लगेच कळतं की हे तेच मशीन, फक्त स्टिकर वेगळं.

मागच्या वर्षीची एक केस सांगतो. जिंतूरचे एक रिटायर गुरुजी, मशीन २०२१ ची, बिल ४१ हजाराचं, स्टिकर चार एचपी, मागणी २५ हजार. फोटोत बारीक पिन, पट्टा ४२ सेंटीमीटर. मी म्हटलं गुरुजी, पिन काढा, पाच मिनिटं थांबा कारण आतल्या सर्किटमधे करंट साठून राहतो, मग नातवाला पुढच्या कव्हरचे स्क्रू खोलायला लावा आणि मोबाईल आत घालून मोटरच्या पट्टीचा फोटो काढा. फोटो आला. १८० व्होल्ट डीसी, ६.५ अँपिअर, १.२५ एचपी, आणि कोपऱ्यात एस-१ लिहिलेलं, म्हणजे सतत चालवायची मोटर. १८० गुणिले ६.५ म्हणजे ११७० वॅट आत जातात, ७४६ नं भागलं की दीड एचपीच्या थोडं वर, त्यातली काही ताकद उष्णतेत जाते, म्हणजे पट्टीवरचे सव्वा एचपी खरे. पट्टी आणि गणित जुळलं की मोटर ओरिजिनल आहे असा माझा भरवसा बसतो.

गुरुजी जरा नाराज झाले. "अरे बाबा, मग त्या दुकानदारानं चार म्हणून मला शिकवलं का?"

मग म्हटलं चालतानाचा व्हिडिओ पाठवा, कव्हर उघडंच राहू द्या, फक्त हात आणि धोतर लांब ठेवा. व्हिडिओत पाऊल टेकलं की पट्टा क्षणभर अडखळायचा. इथं बरेच जण मोटर गेली म्हणून भाव पाडतात, पण आधी बघायचं की नेमकं काय अडखळायलंय. पुढचा रोलर फिरतोय आणि पट्टा थांबतोय तर पट्टा ढिला. मोटर फिरतेय आणि रोलर थांबतोय तर मोटरवरचा छोटा बेल्ट ढिला. इथं तिन्ही एकदम हळू व्हायचे, म्हणजे मोटरवरच लोड यायचा. पट्ट्याखाली हात घालायला सांगितलं, कोरडा ठणठणीत, चार वर्षात एकदाही ऑइल नाही. (एका गिऱ्हाइकानं खोबरेल तेल टाकलं होतं, त्याचा चिकट राडा काढायला आमचा अख्खा दिवस गेला, तसलं काही करू नका, फक्त सिलिकॉन ऑइल.)

भावाचा हिशोब असा केला. ४१ हजाराचं बिल बाजूला ठेवलं, कारण तो लॉकडाऊननंतरचा चढा भाव होता. सव्वा एचपीची, ४२ च्या पट्ट्याची तशीच नवी मशीन त्या दिवशी बाजारात २६ हजाराला मिळत होती. चार वर्षाच्या चालू मशीनला आम्ही निम्मे धरतो, १३ हजार. पट्टा आणि खालची फळी घासलेली निघाली तर ३ हजार जाणार, टेम्पोचे १२०० वेगळे. म्हणून बोललो, बघितल्याशिवाय ८८००, आणि जाग्यावर फळी चांगली निघाली तर ते ३ हजार परत जोडतो. फळी किती घासली आणि बेअरिंग वाजतं का हे फोटोत कळत नाही, तिथं माणूसच जावा लागतो.

मी गेलो. पट्टा ढिला करून फळीवर हात फिरवला, खड्डा नाही, नुसती कोरडी. दोन्ही बाजूंनी मिळून ३० मिलीच्या आसपास सिलिकॉन टाकलं, दहा मिनिटं हळू चालवली आणि मग गुरुजींनाच वर चढवलं. अडखळणं गेलं. ११८०० रुपये दिले आणि चहा घेऊन निघालो.

ती मशीन नंतर मानवतच्या एका बाईंनी नेली, रोज पंधरा-वीस मिनिटं चालायला, त्याला सव्वा एचपी भरपूर झाले. देताना चार एचपीचं स्टिकर खरवडून काढलं आणि तिथं मार्करनं मोटरच्या पट्टीवरचा आकडा लिहिला. हल्ली दुकानातल्या सगळ्याच मशीनला तसं करतो. गिऱ्हाईक विचारतं, बाकीच्यांकडं चार-पाच एचपी आणि तुमच्याकडंच सव्वा कामून? मग अण्णा त्याला बोलावून घेतात आणि पुढचं कव्हर उघडून दाखवतात.