विहीणबाईंसाठी स्पॅनिशमध्ये लिहिलेली पाटोडी

माझ्या लेकीचं सासर स्पेनमधल्या सारागोसाचं. लग्न आमच्याकडे नागपुरात झालं तेव्हा विहीणबाई आठ दिवस आमच्या महाल भागातल्या घरी राहिल्या, आणि त्यांनी दोनदा मागून खाल्लेला पदार्थ म्हणजे पाटोडी रस्सा. परत गेल्यावर त्यांचा निरोप आला की पाकृती लिहून पाठवा, पण मला वाचता येईल अशी, म्हणजे स्पॅनिशमध्ये.

मी लेकीच्या लग्नाआधीपासून स्पॅनिश शिकत होते. बोलण्यापुरतं येतही होतं. वाटलं, एका दुपारचं काम आहे. त्याला दोन महिने लागले.

सुरुवात सोपी गेली. स्पॅनिशमध्ये पाकृती लिहिताना क्रियापदाचं मूळ रूप वापरलं तरी चालतं, कालेन्तार म्हणजे तापवणे, मोलेर म्हणजे दळणे. ‘तू कर’ की ‘तुम्ही करा’ हा प्रश्नच येत नाही. आपल्या जुन्या पाकृतींमधल्या ‘घालावे, परतावे’सारखीच सोय आहे ही. विहीणबाईंना अरे-तुरे करावं की अहो-जाहो, या विचारातून त्याने माझी सुटका केली.

मग मसाल्यांची नावं. जिरं म्हणजे कोमीनो, हळद म्हणजे कूर्कुमा, हिंग म्हणजे आसाफेतिदा, हे शब्दकोशात सापडतं. अडचण तिथे येते जिथे शब्द सापडतो पण वस्तू दुसरीच असते. मी मोहरीसाठी नुसतं ‘मोस्ताथा’ लिहिलं. स्पेनमध्ये कुणीही मोस्ताथा म्हटलं की बरणीतला पिवळा सॉस काढतो. म्हणून ‘सेमीयास दे मोस्ताथा नेग्रा’, काळ्या मोहरीचे दाणे, असं पूर्ण लिहावं लागतं. तेजपानाचं भाषांतर ‘लाउरेल’ असं करतात, पण लाउरेल हे वेगळं झाड, त्याचा वास कापराकडे झुकणारा, आणि आपलं तेजपान दालचिनीच्या जातीतलं. मी तिथे लिहिलं की लाउरेल घालू नका, दालचिनीचा तुकडा थोडा मोठा घ्या. सांबार, म्हणजे कोथिंबीर, हा शब्द मात्र सरळ गेला: पानाला सिलान्त्रो आणि धण्यांना सिलान्त्रोचे दाणे.

दगडफुलावर मी सगळ्यात जास्त अडले. शब्दशः ‘दगडाचं फूल’ लिहिलं तर विहीणबाईंनी विचारलं, हे कोणत्या झाडाचं? ते फूल नाहीच. खडकावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारी ती शेवाळ-बुरशीची जोडी, स्पॅनिशमध्ये ‘लीकेन’. नुसतं लीकेन वाचून कुणाला ते खायची वस्तू वाटणार नाही, म्हणून मी ‘खाण्याचं वाळलेलं लीकेन’ असं लिहिलं. पुढे जोडलं की कोरडं असताना त्याला फारसा वास नसतो, तेलात पडलं की मातीचा, धुराचा वास सुटतो, आणि मिळालं नाही तर सोडून द्या, त्याऐवजी दुसरं काही घालू नका. शेवटी इतवारी बाजारातून एक पुडा आणून लेकीबरोबर पाठवला, सोबत भिवापुरी मिरची. मिरचीच्या जागी मी ‘पिमेंतोन’ लिहू शकले असते, पण तिकडचं बरंचसं पिमेंतोन धुरावर वाळवलेलं असतं आणि त्याने रस्शाचा सगळा स्वभाव बदलतो.

पहिला मसुदा पाठवला. आठ दिवसांनी व्हिडिओवर विहीणबाईंनी ताट दाखवलं. पाटोडी चमच्याने उचलली तर पसरत होती, आणि रस्सा पिवळट, पातळ, वर तेलाचा एक थेंब नाही. त्यांनी माझं प्रत्येक वाक्य पाळलं होतं. मी कागद पुढे घेऊन बसले आणि दिसलं की मसाल्यांची नावं बरोबर होती, कृतीचे शब्द चुकले होते.

फोडणीपासून सांगते. मी ‘सोफ्रीतो’ लिहिलं होतं, कारण तेलात आधी काहीतरी करायचं असलं की स्पॅनिशमध्ये हाच शब्द येतो. पण सोफ्रीतो म्हणजे मंद आचेवर कांदा, लसूण, टोमॅटो बराच वेळ शिजवणं. विहीणबाईंनी कोमट तेलात मोहरी घातली आणि दहा मिनिटं हलवत राहिल्या. ती तडतडली नाही, नुसती कडवट झाली. मग मी शब्दाचा नाद सोडला आणि जे घडतं ते लिहिलं. तेल चांगलं तापवा. मोहरीचा एकच दाणा टाका. दोन-तीन सेकंदांत तो उडाला तर तेल तयार, बुडाशी गप्प बसला तर थांबा. मग बाकीची मोहरी टाका, झाकण अर्धं धरा, तडतडणं ओसरत आलं की जिरं. जिरं लगेच फुलतं. हिंग टाका, गॅस बंद करा आणि मगच हळद.

हा ‘गॅस बंद’ त्यांना समजावायला मला एक ओळ पुरली. स्पॅनिश बाईला पिमेंतोनबद्दल सांगावं लागत नाही. गरम तेलात ते जळून कडू होतं म्हणून भांडं आधी आचेवरून उतरवायचं, हे त्यांच्या हाताला सवयीचं असतं. मी लिहिलं, ‘हळद आणि तिखटाला पिमेंतोनसारखं वागवा.’

वाटणासाठी मी आधी ‘पास्ता’ लिहिलं होतं. चूक नव्हती, पण डोळ्यापुढे काही उभं राहत नव्हतं. मग लेकीने सांगितलं, ‘आई, यांच्याकडे माखादो असतो.’ खलात बदाम, लसूण, तळलेला पाव कुटून तो रश्शाला दाटपणा आणायला घालतात. आपल्या खसखस-खोबऱ्याच्या वाटणाचं कामही तेच. तो शब्द लिहिताच विहीणबाईंचे वाटणाबद्दलचे सगळे प्रश्न थांबले.

कांद्याच्या बाबतीत एका क्रियापदाने रस्सा बिघडवला होता. मी ‘दोरार’ लिहिलं होतं, म्हणजे सोनेरी करणे. त्यांनी कांदा सोनेरी होताच काढला. आपला रस्शाचा कांदा त्याच्या बराच पुढे जातो, गडद तपकिरी होतो, कडा कुरकुरीत होतात, तेव्हा रस्शाला रंग येतो. खोबऱ्याचं बरोबर उलटं. सुक्या खोबऱ्याच्या वाटीऐवजी त्यांनी मिठाईसाठीचा बारीक कीस आणला होता, तो मिनिटभरात करपतो. तेव्हा कांद्यापुढे लिहिलं ‘गडद तपकिरी, काळा नाही, मध्यम आचेवर पंधरा मिनिटांच्या आसपास’, आणि खोबऱ्यापुढे ‘बिस्किटाचा रंग आला की लगेच ताटात काढा, गरम कढईत ठेवू नका, तिथेही भाजत राहतं’. आपण दोन्हीला भाजणं म्हणतो. कांदा तेलात आणि खोबरं कोरडं, हे मराठीत सांगावं लागत नाही. तिथे ‘कोरड्या कढईत’ हे शब्द मुद्दाम लिहावे लागले.

आणि तर्री. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं. त्यांच्या रस्शावर तेल आलं होतं! त्यांनी ते डावाने काढून टाकलं, कारण त्यांच्या स्वयंपाकात रस्सा उकळताना वर आलेली चरबी आणि फेस काढणं ही चांगल्या हाताची खूण आहे. मी कुठेच लिहिलं नव्हतं की हेच हवंय. मग दोन वाक्यं वाढवली. वाटण परतताना कढईच्या कडेला तेल वेगळं दिसू लागेपर्यंत परता, त्याआधी पाणी घालू नका. पाणी उकळतं घाला, आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवल्यावर वर लाल तेलाचा थर येईल, तो काढू नका, वाढताना प्रत्येकाच्या वाटीत थोडा जाऊ द्या. गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं आणि तेल वर यायला फार वेळ लागतो.

आता पाटोडी. प्रमाण मी वाट्यांत दिलं होतं, आणि त्यांच्याकडची वाटी म्हणजे सूपचा मोठा वाडगा. ते बदललं: शंभर ग्रॅम बेसन, दोनशे मिलिलिटर पाणी. त्यांचं पीठ काबुली चण्याचं असतं, आपलं बेसन चण्याच्या डाळीचं, म्हणून पहिल्या वेळी वीस मिलिलिटर पाणी मागे ठेवायला सांगितलं, लागलं तरच घालायचं. कृती समजावायला मी गाचासचा आधार घेतला. ला मांचा भागात गरम तेला-पाण्यात पीठ घालून एकसारखं ढवळत घट्ट करतात, ते गाचास, अगदी आपल्या पिठल्याच्या वळणाचं. ते पीठ कशाचं असतं हे शोधल्यावर मी चकित झाले. आल्मोर्ता, म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडची लाखोळी. फार दिवस फार खाल्ली तर पाय लुळे करणारी म्हणून बदनाम झालेली तीच डाळ.

‘वाफ आणा’ याचं मी ‘आल बापोर’ केलं होतं. त्याचा अर्थ जाळीवर ठेवून वाफवणं. त्यांनी ओलं पीठ भांड्यासकट चाळणीत ठेवलं होतं, वरून पाणी गळून आणखी सैल झालं. आता लिहिलं की झाकण घट्ट लावा, आच सगळ्यात कमी करा, पाच मिनिटं स्वतःच्याच वाफेवर राहू द्या, मधे एकदा तळापासून हलवा. मग तेल लावलेल्या ताटात ओतून ओल्या हाताने बोटभर जाडीचं थापा, वर खोबरं-सांबार, अर्धा तास गार होऊ द्या, मग सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप.

पण ताटात कधी ओतायचं, ही खूण मला स्पॅनिशमध्ये जमत नव्हती. ‘घट्ट झाल्यावर’ म्हटलं तर किती घट्ट? मी तीन वेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं, एकही मनाला पटलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी दुसऱ्यांदा केली. फोन समोर ठेवून ढवळत होत्या. पिठाचा गोळा कढईच्या कडा सोडून डावाभोवती फिरू लागला, तळ स्वच्छ दिसला, आणि त्या एकदम म्हणाल्या, ‘से देस्पेगा दे लास पारेदेस!’ भिंतींपासून सुटतंय. क्रोकेतास या तळलेल्या गोळ्यांचं पीठ दुधात शिजवताना त्या अगदी हीच खूण बघतात, आणि तेही ताटात पसरून गार करतात. मी लगेच माझी तीनही वाक्यं खोडली आणि त्यांचं वाक्य तिथे लिहून घेतलं.

त्या दिवशी काप सुटे निघाले. तर्रीसुद्धा त्यांनी ठेवली, फक्त वाढताना स्वतःच्या वाटीतली थोडी जावयांच्या वाटीत ओतली.