ईआरपीच्या कोटेशनमधली बिनखर्चाची ओळ : माझा अनुभव

ईआरपीचे, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचे, कोटेशन पाहून आपण मला विचारलेत, की वह्या आणि एक्सेलच्या फायलींवर इतकी वर्षे धंदा नीट चालला असताना एवढा खर्च कशासाठी करायचा. प्रश्न रास्त आहे. आमच्या घरात वडिलांनीही तो जवळपास याच शब्दांत विचारला होता. आमचा व्यवसाय नट, बोल्ट आणि वॉशर यांच्या घाऊक विक्रीचा. खरेदीची वही काका पाहत, गोदामातील साठ्याची वही आमचे जुने भांडारपाल लिहीत आणि विक्री व उधारी एक्सेलमध्ये माझ्याकडे असे. या तिन्हींचा मेळ महिनाअखेरीस बसवावा लागे आणि तो बहुधा बसत नसे. आज आम्ही ईआरपीवर आहोत आणि वह्या बंद आहेत. परंतु आपल्याला सांगण्याची मुख्य गोष्ट ही, की खर्च आपल्याला ज्या ओळींत दिसतो आहे त्या ओळींत तो फारसा नसतो.

कोटेशनमध्ये वापरकर्त्यामागे परवाना शुल्क असते, प्रणाली बसवण्याचे आणि आपल्या कामाशी जुळवून घेण्याचे शुल्क असते, प्रशिक्षण असते आणि वार्षिक देखभाल असते. यांपैकी परवाना तर ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त प्रणालीत विकत घ्यावाच लागत नाही, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून निर्णय घेण्यात अर्थ नाही. आमच्या कोटेशनच्या शेवटी, बारीक अक्षरांत, एक वाक्य होते : ‘ठरलेल्या नमुन्यात शुद्ध माहिती पुरवण्याची जबाबदारी ग्राहकाची राहील.’ त्यापुढे रक्कम लिहिलेली नव्हती. आमचा वेळ, माणसे आणि मनःस्ताप सर्वांत जास्त त्याच वाक्याने घेतला, आणि ते लिहिणाऱ्या कंपनीला त्याचा अर्थ पुरेपूर ठाऊक होता, याचा राग मला अजूनही येतो.

शुद्ध माहिती म्हणजे प्रथम मालाची यादी. कंपनीने एक कोरी फाइल पाठवली : मालाचा कोड, नाव, गट, साठ्याचे एकक, खरेदीचे एकक आणि दोन्हींमधील गुणोत्तर. भरून पाठवा, म्हणाले, आम्ही चढवतो. फाइल दिसायला निरुपद्रवी होती, म्हणून पहिला कच्चा मसुदा मी एक्सेलमधील जुन्या याद्या एकत्र करून तयार केला आणि तिथेच काम अडकले. इंचातील मापे मुळात एक्सेलनेच बिघडवून ठेवली होती. कोणी 3/8 असे लिहिले की एक्सेल ते माप न मानता तारीख मानते, आणि एकदा तसे झाले की रकाना नंतर मजकुराचा करूनही मूळ माप परत येत नाही, तिथे तारखेचा पाच अंकी क्रमांक उमटतो. कोडच्या सुरुवातीची शून्येही अशीच उडतात. यावर उपाय एकच : कोऱ्या फाइलमध्ये काही लिहिण्याआधी संपूर्ण रकाना ‘मजकूर’ या प्रकाराचा करावा. नावांच्या शेवटी राहिलेल्या न दिसणाऱ्या मोकळ्या जागांमुळे एकच नाव दोनदा मोजले जाते. त्यासाठी मला हे सूत्र उपयोगी पडले :

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

नुसते `TRIM` पुरत नाही, कारण संकेतस्थळांवरून किंवा ईमेलमधून चिकटवलेल्या मजकुरातील खास मोकळी जागा ते काढत नाही.

हे सर्व मात्र संगणकाने सुटणारे होते. खरी अडचण त्यापलीकडची होती. एकच बोल्ट आमच्या याद्यांत ‘एम 10 बाय 50 हेक्स’, ‘10 मिमी बोल्ट दोन इंची’ आणि ‘हेक्स बोल्ट 10×50 जस्त’ अशा तीन नावांनी होता. हे तिन्ही एकच आहेत हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. उलट ‘10×50’ या एका नावाखाली दोन वेगळे बोल्ट होते, हे तर यादीत दिसतच नव्हते. ते दिसले गोदामात. भांडारपालांनी दोन खोक्यांतून एकेक बोल्ट काढला, नखाने डोक्यावरचा मळ खरवडला आणि माझ्यापुढे धरला : एकावर 8.8 उमटवलेले होते, दुसऱ्यावर 4.6. पहिला उच्च ताकदीचा, दुसरा साधा. दर वेगळा, गिऱ्हाईक वेगळे आणि एकाच्या जागी दुसरा गेला तर जोड तुटण्याचा धोका. वहीत ताकदीची ही प्रत कधीच लिहिली नव्हती, कारण कोणता माल कोणत्या रॅकवर आहे हे त्यांना तोंडपाठ होते. वडिलांना मी म्हटले, वही चालत नव्हती, वही लिहिणारे चालवत होते. ते त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी यादी तपासायला स्वतः गोदामात आले.

एककाचा प्रश्न याहून चिवट निघाला. आम्ही बोल्ट किलोने घेतो आणि नगाने विकतो. प्रणालीत साठ्याचे एकक एकच ठेवावे लागते आणि बहुतेक प्रणालींत एकदा व्यवहार नोंदले गेले की ते बदलता येत नाही. म्हणून हा निर्णय सुरुवातीच्या आधीच, आणि पूर्ण विचार करून, घ्यावा लागतो. आम्ही बोल्टसाठी नग धरला. 10×50 चा बोल्ट साधारण 40 ग्रॅमचा, म्हणजे किलोला 25 नग, असे गुणोत्तर भरले. आता 500 किलो माल आला तर प्रणाली 12,500 नग जमा करणार. पण जस्ताचा थर जाड असलेल्या खेपेत किलोला 24.2 नगच बसले, तर प्रत्यक्षात येणार 12,100. उरलेले 400 बोल्ट कागदावर आहेत आणि गोदामात नाहीत. अशा दोन-चार खेपा झाल्या की साठा जुळत नाही, मग चोरीचा संशय येतो आणि प्रणालीला बोल लागतो, वास्तविक दोष गुणोत्तराचा असतो. आम्ही यावर अशी सोय केली, की माल उतरवताना प्रत्येक खेपेतील 100 नग वजनकाट्यावर ठेवायचे आणि त्या खेपेचे गुणोत्तर खरेदीच्या नोंदीतच बदलायचे. आपण कोणतीही प्रणाली घ्या, नोंदीगणिक गुणोत्तर बदलता येते का, हे प्रात्यक्षिकाच्या वेळी स्वतःच्या मालावर करून दाखवायला सांगा. बारीक वॉशरना हा नियम आम्ही लावला नाही. एक वॉशर ग्रॅमभराचा असेल तर किलोचा दर हजाराने भागल्यावर नगाचा दर दशांशात इतका खाली जातो, की दोन स्थळांपर्यंतच्या पूर्णांकनात किमतीचा बराच भाग गळून जातो. ते आम्ही किलोतच ठेवले आणि विक्रीही किलोनेच केली. काकांना हे आवडले नाही, कारण काही जुनी गिऱ्हाइके शेकड्याने मागतात. त्यांच्यासाठी आता वजन करून बिल होते.

ही यादी पुरी होईपर्यंत कंपनीचा माणूस दर वेळी फोनवर एवढेच विचारत असे, ‘फाइल झाली का?’ म्हणून सांगतो, कोटेशनवर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागा. मालाची यादी कोण साफ करणार आणि त्याचे शुल्क किती, ही पहिली. दुसरी ही, की खरी सुरुवात करण्याआधी प्रणालीच्या चाचणी प्रतीत संपूर्ण यादी किती वेळा चढवून देतील. आमच्या करारात एकदाच चढवण्याची सोय होती आणि यादी एका फेरीत कोणाचीच बरोबर येत नाही.

खरेदी, विक्री आणि बिलांचे नमुने यांची जुळवणी सुरळीत झाली, त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. आरंभीच्या शिल्लका मात्र नीट समजून घ्या. मोजणीसाठी आम्ही गोदाम बंद ठेवले, ताजी मोजणी हाच आरंभीचा साठा धरला, वहीतला आकडा धरला नाही. गिऱ्हाइकांची येणी एका रकमेत न भरता बिलवार भरा, नाहीतर कोणाचे कोणते बिल किती दिवस थकले आहे, हे प्रणाली कधीच सांगू शकणार नाही आणि ईआरपी घेण्याचे अर्धे कारणच संपेल. साठा, येणी, देणी, बँक आणि भांडवल या सर्वांच्या आरंभीच्या नोंदी एका तात्पुरत्या खात्यासमोर पडतात. सर्व भरून झाल्यावर त्या खात्याची शिल्लक शून्य आली पाहिजे. ती शून्य नसेल, तर काहीतरी राहिले आहे किंवा दोनदा भरले गेले आहे, आणि तो फरक सापडेपर्यंत पहिले बिल काढू नये.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी होती : ऋण साठ्याची, म्हणजे नोंदीत नसलेला माल विकण्याची, परवानगी बंद ठेवा. माल गोदामात आला आहे पण आवक नोंदलेली नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभे आहे, अशा वेळी कर्मचारी ‘तेवढी सूट द्या’ म्हणून मागे लागतात. ती दिली की साठा शून्याखाली जातो, विकलेल्या मालाची किंमत अंदाजाने धरली जाते आणि त्या महिन्याचा नफा विश्वासार्ह राहत नाही. आम्ही ती न दिल्यामुळे पहिले काही आठवडे माल रवाना करायला उशीर झाला आणि घरात वादही झाले. कर्मचारी कमी होतील या आशेने हा खर्च करू नका. आमच्याकडे तेच लोक आहेत.

परतावा कुठे मिळाला म्हणाल, तर यादी साफ करतानाच मिळायला लागला. त्या तीन नावांच्या बोल्टचा माल दोन रॅकवर पडून असताना तिसऱ्या नावाने नवी मागणी लिहिलेली होती. ती काकांनी स्वतः रद्द केली. अशा अडकलेल्या मालात आणि बिलवार न दिसणाऱ्या थकबाकीत आपले किती पैसे आहेत, हे आपल्याच वह्यांतून काढून पाहता येईल. सर्वाधिक खपणारे 50 प्रकार घ्या, ते प्रत्यक्ष मोजा आणि वहीतील आकड्याशी ताडा. त्याला कोणाचेही कोटेशन लागत नाही. फरक नगण्य निघाला आणि प्रकार थोडे असतील, तर आपली एक्सेल आणखी काही काळ चालेल, हे मी प्रामाणिकपणे म्हणेन. फरक मोठा निघाला, तर कोटेशनमधील आकडा त्या फरकाशेजारी ठेवून पाहा. आणि घ्यायचे ठरल्यास सुरुवात खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एवढ्यावरच करा. पगार आणि हजेरीचे भाग आम्ही घेतले नाहीत, त्यांची उणीव अजून भासलेली नाही.