अपिलाचे दुसरे पत्र

रविवार पेठेतील एका सराफाचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे मी अनेक वर्षे पाहते. अक्षय्य तृतीयेला आठ दिवस उरले असताना ते सकाळीच माझ्या कार्यालयात आले आणि मोबाईल पुढे करून म्हणाले, "ताई, आम्हाला चोर ठरवलंय." पेमेंटमधील फसवणुकीच्या संशयावरून त्यांचे जाहिरातीचे खाते बंद झाले होते आणि त्यांनी स्वतः पाठवलेले अपीलही फेटाळले गेले होते. दुकान आजोबांच्या काळापासूनचे आहे, आजवर कोणाला गुंजभर सोने कमी दिले नाही, असे त्यात कळकळीने लिहिले होते. ते सगळे खरे होते. पण संशय ज्या व्यवहारांवर होता, त्यांचा त्यात उल्लेखच नव्हता.

आम्ही खात्यातील पेमेंटची यादी उघडली आणि एकेक नोंद वेळेसह कागदावर उतरवली. सणामुळे खर्च वाढून थकबाकी १८,४०० रुपये झाली होती. आपोआप वळती होणारी रक्कम १५,००० रुपयांहून अधिक असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ग्राहकाची दर वेळी ओटीपीने मंजुरी लागते. त्यांच्या कार्डाशी मात्र दुकानाचा जुना, बंद पडलेला क्रमांक जोडलेला होता, त्यामुळे ते पेमेंट नाकारले गेले. त्यांनी स्वतः दोनदा प्रयत्न केला, तोही फसला. मग घाईत आधी पत्नीचे आणि नंतर भाच्याचे कार्ड जोडले. चाळीस मिनिटांत तीन नावांची तीन कार्डे आणि तीन नकार! चोरलेली कार्डे चालतात का, हे तपासणारा माणूसही नेमके असेच करतो, त्यामुळे संशय येणे मला अस्वाभाविक वाटले नाही. कोणत्या पेमेंटमुळे तो आला, एवढे तरी कंपनीने सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

दुसऱ्या पत्रात आम्ही हाच क्रम मांडला आणि इतरांची कार्डे वापरल्याचे स्पष्ट कबूल केले. सोबत पेमेंट नाकारण्याचे कारण सांगणारे बँकेचे पत्र आणि दोन्ही कार्डधारकांची सहीची संमती जोडली. कार्डांचे फक्त शेवटचे चार आकडे दिले. खाते दुकानाच्या नावाचे आणि कार्ड मालकाच्या नावाचे, ही तफावतही खटकली असणार, म्हणून जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र दिले; त्यावर मालकाचे कायदेशीर नाव आणि दुकानाचे व्यापारी नाव एकत्रच छापलेले असते.

तोवर भाचा नवे खाते उघडायला निघाला होता. बंदी चुकवण्याचा प्रयत्न म्हणून तेच आमच्याविरुद्ध गेले असते, म्हणून मी त्याला थांबवले.

खाते पुन्हा सुरू झाले, तेव्हा अक्षय्य तृतीया होऊन दोन दिवस झाले होते. सणासाठी घडवलेल्या बाराही नथी अजून काचेखालीच होत्या. त्या संध्याकाळी सराफांनी बँकेत जाऊन आधी मोबाईल क्रमांक बदलून घेतला.