तीव्र मध्यम आणि शनीचा खर्ज

आपल्या शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक सोनोमीटर होता. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली एक तार, दोन सरकत्या घोड्या आणि तारेच्या टोकाला लोंबणारी अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं. आम्हाला त्यातली मौज एवढीच, की तारेवर ठेवलेला कागदाचा कपटा नादकाटा टेकवला की टुणकन उडायचा.

बारावीत असताना एकदा सरांनी प्रयोग बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. पायथागोरस लोहाराच्या भात्यावरून चालला होता. घणांचे आवाज एकमेकांत सुरेल मिसळताहेत, हे त्याच्या कानानं टिपलं. घण तोलून पाहिले, तर वजनं निघाली 12, 9, 8 आणि 6. बाराला सहा म्हणजे दुप्पट, तिथे सा आणि तार सा. बाराला आठ म्हणजे सा-प. बाराला नऊ म्हणजे सा-म. सरांनी चारही आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, "लावा वजनं."

आम्ही एक किलो लावून तार छेडली, मग दोन किलो. तार सा काही येईना. वर्गात गाणं शिकणारी एक मुलगी होती, ती पटकन म्हणाली, "सर, हा तर तीव्र मध्यम!" चार किलो लावल्यावर कुठे तार सा आला. कारण सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. दुप्पट सूर हवा तर चौपट वजन लागतं. गोष्ट खोटी होती आणि सरांना ते आधीच ठाऊक होतं.

पुढे मी ध्वनिशास्त्राकडे वळलो आणि मध्ययुगीन युरोपातल्या संगीतशिक्षणाचा नाद लागला. तेव्हा फळ्यावरचे तेच चार आकडे पुन्हा भेटले. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये बोएथियसनं संगीतावर लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात घणांची गोष्ट आहे आणि पायथागोरसनं तारांना वजनं टांगून तिची खात्री केल्याचंही आहे. हा ग्रंथ युरोपच्या मठांत आणि विद्यापीठांत शतकानुशतकं शिकवला गेला. मग एकाही विद्यार्थ्यानं दोन वजनं टांगून पाहिली नाहीत? नोंद सापडते ती थेट 1589 ची: गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी वजनांचा हिशेब चुकीचा असल्याचं छापून सांगितलं.

याचं कारण मला त्यांच्या अभ्यासक्रमातच दिसतं. तिथे संगीत हे अंकगणित, भूमिती आणि खगोल यांच्या पंगतीला बसलेलं होतं. बोएथियसच्या मते खरा संगीतज्ञ गाणारा नव्हे, तर बुद्धीनं पारखणारा. त्यानं संगीताचे तीन प्रकार केले: विश्वाचं, माणसाच्या देह-आत्म्याचं आणि वाद्यांचं. सगळ्यांत वरचं विश्वाचं. एवढे प्रचंड गोल फिरतात तर ते मुके कसे असतील? आपल्याला ऐकू येत नाही, इतकंच. एका मांडणीत तो शनीला सर्वांत खालचा सूर देतो आणि चंद्राला सर्वांत वरचा. लगेच रोमन विचारवंत सिसरोची नेमकी उलटी मांडणीही सांगतो. आकाशाला वजन टांगता येत नाही, त्यामुळे दोन्ही चालून गेल्या.

वजनं खोटी, पण लांबीचा हिशेब खरा होता. इटलीतला ग्वीदो दारेझ्झो चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना शिकवायचा. बोएथियसचा ग्रंथ गायकांच्या नव्हे, तत्त्वज्ञांच्या कामाचा, असं त्यानं स्पष्टच लिहिलंय. (तरी आपल्या पुस्तकाच्या शेवटी घणांची गोष्ट त्याला सोडवली नाही!) 1026 च्या सुमाराच्या त्या पुस्तकात तो एकतारी पेटीवर सूर कसे आखायचे ते सांगतो. तीही सोनोमीटरच म्हणा, फक्त वजनांशिवाय.

समजा तार 90 सेंटिमीटरची आहे. पूर्ण तार हा सा. तिचे नऊ भाग करा, एक सोडा. 80 वर रे. उरलेल्या ऐंशीचे पुन्हा नऊ भाग करून एक सोडा, 71.1 वर ग. आता पूर्ण तारेचे चार भाग करून एक सोडा, 67.5 वर म. ग-म हे अंतर इतर दोघांच्या निम्म्याहूनही थोडं कमी भरतं. सा-रे एवढ्या अंतराचे दोन सारखे अर्धे पूर्णांकांच्या गुणोत्तरात होतच नाहीत, हे बोएथियसही सिद्ध करून दाखवतो.

मागच्या वर्षी मी घरी अशी पेटी करून ग्वीदोच्या मापांनी आखली आणि त्याच वर्गमैत्रिणीला ऐकवली. ती आता गाणं शिकवते. रे ठीक, म ठीक. ग ला तिनं मान हलवली. "चढा आहे." तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तो गंधार 72 वर येतो, त्यासाठी तारेचे पाच भाग करावे लागतात. पायथागोरसच्या परंपरेत स्वरसंवाद एक ते चार या आकड्यांतूनच यायचे. पाचाला प्रवेश नव्हता. म्हणून हा चढा ग सा-बरोबर विसंवादी ठरवून ते मोकळे झाले.

तिनं बोटानं घोडी जेमतेम नऊ मिलिमीटर मागे सरकवली आणि पुन्हा तार छेडली.