रिक्रूटरचा पहिला मेसेज, पगाराचा पत्ता नाही: मी काय उत्तर दिलं

आधी जुनी जखम सांगतो, नाहीतर यावेळी मी एवढा खट का झालो ते कळणार नाही. चार वर्षांपूर्वी असाच लिंक्डइनवर मेसेज आला होता, मी लगेच "येस इंटरेस्टेड" केलं, पुढच्या मेसेजमध्ये तिकडून करंट सीटीसी विचारला आणि मी आधार कार्डाचा नंबर दिल्यासारखा सरळ सांगून टाकला, 9.2. सगळे राउंड मस्त झाले आणि ऑफर आली 11.96 ची. मी खूश, म्हटलं बघा किती बारीक हिशोब करून दिलीय. बारीक हिशोब होताच, 9.2 वर बरोबर 30 टक्के. जॉइन झाल्यावर दोन महिन्यांनी शेजारच्या डेस्कवरचा मित्र, तेवढाच अनुभव, त्याच महिन्यात लागलेला, सहज बोलून गेला की त्याला 16 मिळालेत. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तर यावेळी. मी बॅकएंड डेव्हलपर, सात वर्षं झाली, राहतो कर्वेनगरला आणि ऑफिस खराडीला, म्हणजे संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माणसाचं भरीत होतं. मंगळवारी दुपारी इनमेल आला, एका मॅडमचा. पेमेंट्सचं काम, सिनियर लेव्हल, ऑफिस बाणेरला, आठवड्यातले तीन दिवस यायचं. माझ्या प्रोफाइलमधल्या एका प्रोजेक्टचा उल्लेख पण होता, म्हणजे शंभर जणांना एकच मेसेज चिकटवलेला वाटत नव्हता. आणि पगाराबद्दल काय, तर "कॉम्पिटिटिव्ह". बास.

मोह दोन प्रकारचे होतात. एक म्हणजे लगेच "हो हो, कॉल करू" म्हणायचं, कारण बाणेर म्हटल्यावर मला रोजचे दोन तास परत मिळताना दिसायला लागले. दुसरा म्हणजे "आधी पगार सांगा मग बोलू" असं तोंडावर मारायचं, जे माझे अर्धे मित्र अभिमानाने करतात आणि मग उत्तर येत नाही म्हणून रिक्रूटर लोकांना शिव्या घालतात. मी दोन्ही केलं नाही, मावसभावाला फोन केला. दादा एचआरमध्ये आहे, बारा-तेरा वर्षं हायरिंगच करतोय. संध्याकाळी अमृततुल्यवर भेटलो.

दादा म्हणाला, "अरे, साधी गोष्ट आहे. जागा उघडते तेव्हा बजेट मंजूर करूनच उघडते. लेव्हल ठरलेली असते, तिचा बँड ठरलेला असतो, किमान आणि कमाल. कंपनीचीच रिक्रूटर असेल तर तिला तो आकडा माहीत असतोच. ती सांगत नाही कारण तू आधी सांगितलास तर स्वस्तात काम होतं. वाईट बाई आहे म्हणून नाही, तिचं ते कामच आहे."

"आणि कन्सल्टन्सीची असेल तर?"

"मग तिच्याकडे एक्सेल शीट असतं. टोटल एक्सपीरियन्स, रेलेव्हंट एक्सपीरियन्स, करंट, एक्स्पेक्टेड, नोटीस पिरियड, लोकेशन. करंटचा कॉलम रिकामा ठेवला तर वरून ओरडा बसतो. तिला कधी कधी खरंच वरचा आकडा माहीत नसतो, फक्त 'तीसच्या आत बघा' एवढं सांगितलेलं असतं. पण तेवढंही तुला पुरे आहे ना?"

दोन्हीतला फरक ओळखायचा कसा, तर प्रोफाइल बघायची. तिची सध्याची नोकरी त्याच कंपनीत असेल तर घरची. मेसेजमध्ये कंपनीचं नाव न घेता "आमचा क्लायंट, मोठी एमएनसी" असं असेल तर कन्सल्टन्सी, आणि तिथे एक जादा काळजी घ्यायची: कंपनीचं नाव कळल्याशिवाय रेझ्युमे पाठवायचा नाही. दोन कन्सल्टन्सींनी तुमचा रेझ्युमे एकाच कंपनीकडे टाकला की त्यांच्यात उमेदवार कोणाचा यावरून भांडण लागतं आणि कंपनी कटकट नको म्हणून तुम्हालाच बाजूला काढू शकते. माझ्या केसमध्ये मॅडम कंपनीच्याच होत्या, म्हणून रेझ्युमेचा प्रश्न नव्हता.

मग तिथेच बाकावर बसून उत्तर टाइप केलं, चहा गार झाला. मेसेज इंग्लिशमध्ये होता पण मजकूर असा:

"नमस्कार, मेसेजबद्दल थँक्स. पेमेंट्समधलं सेटलमेंटचं काम मी गेली तीन वर्षं करतोय त्यामुळे रोल जवळचा वाटला, आणि बाणेर मला सोयीचं आहे. कॉल ठरवायच्या आधी एक विचारतो, या लेव्हलसाठी मंजूर रेंज काय आहे, वर्षाची फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती? जुळत असेल तर गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर बोलू शकतो."

आधी मी "तुमचं बजेट काय" असं लिहिलं होतं, ते दादाने खोडायला लावलं. म्हणे बजेट विचारलं की "अनुभवावर अवलंबून आहे" असं गुळगुळीत उत्तर येतं, "या लेव्हलसाठी मंजूर रेंज" विचारलं की समोरच्याला कळतं की याला आतली पद्धत माहितीये. आणि गुरुवार-शुक्रवार मुद्दाम घातला, कारण नुसता पगार विचारला तर भाव खातोय असं वाटतं, वेळ दिली की मनापासून विचारतोय हे कळतं. स्वतःचा आकडा मात्र एकही लिहायचा नाही, ना आत्ताचा ना हवा असलेला.

बुधवारी सकाळी उत्तर. "रेंज ॲज पर मार्केट स्टँडर्ड्स आहे, तुमचा करंट आणि एक्स्पेक्टेड सांगाल का?"

इथेच लोक गळपटतात, मीही गळपटलो असतो. यावर आकडा फेकला की आपण परत 9.2 वर. मी लिहिलं की सध्याचा पगार मी ऑफरच्या टप्प्यावर कागदपत्रांसकट देईन, लपवायचं काही नाही, पण या रोलचा विचार मी रोलच्या लेव्हलवर करतोय, आणि तुमचा वेळ जाऊ नये म्हणून सांगतो, 28 फिक्स्डच्या खाली मला बदल करणं परवडणार नाही, तुमची रेंज त्याच्या वर जाते का?

म्हणजे शेवटी आकडा दिलाच, हो. दादाचं मत होतं की अजून एकदा ताणावं. मला वाटलं समोरून सरळ विचारल्यावर परत टाळणं म्हणजे पोरखेळ. फक्त हा आकडा माझ्या आजच्या पगाराला बांधलेला नव्हता आणि "फिक्स्ड" हा शब्द त्याला चिकटलेला होता. 28 ऐवजी 30 म्हणायला हवं होतं का, हे मला अजून रात्री कधी कधी वाटतं, ते सोडा.

आणि करंट सांगायचा नाही याचा अर्थ खोटा सांगायचा असं अजिबात नाही. माझ्या एका ओळखीच्या मुलाने चार लाख वाढवून सांगितले आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला सॅलरी स्लिप आणि फॉर्म 16 मागितल्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नाही, ऑफर गेली ती गेलीच. न सांगणं वेगळं, खोटं सांगणं वेगळं.

दुपारी मॅडमचं उत्तर आलं, "मॅक्स 32 पर्यंत जाऊ शकतो."

माझे आत्ता 21.5, त्यामुळे पहिल्या झटक्यात डोक्यात साडेदहा लाखांची वाढ नाचायला लागली. मग विचारलं की 32 हे टोटल का फिक्स्ड. टोटल सीटीसी, त्यात 10 टक्के व्हेरिएबल, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरून. मग कागदावर मांडलं. 32 मधून 3.2 व्हेरिएबल गेलं, राहिले 28.8. बेसिक त्याच्या निम्मं धरलं, म्हणजे 14.4. त्याच्या 12 टक्के कंपनीचा पीएफ, 1 लाख 73 हजार. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के धरतात, ते 69 हजार, आणि ती साधारण पाच वर्षं टिकलात तर हातात. इन्शुरन्सचे अंदाजे 18 हजार. उरले 26 लाख 20 हजारच्या आसपास, महिन्याला 2 लाख 18 हजार, तेही टॅक्स आणि माझ्या वाट्याचा पीएफ कापायच्या आधी.

माझ्या सध्याच्या स्लिपवर हाच आकडा 1 लाख 63 हजार आहे, व्हेरिएबल नाहीच. म्हणजे खरी वाढ महिन्याला 55 हजार, वर्षाची 6.6 लाख. साडेदहा आणि साडेसहा यात फरक आहे राव. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर वर 3.2, पण ते मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं हे कॉलवर विचारायचं मी वहीत लिहून ठेवलं. पीएफचा हिशोबही कंपनीनुसार बदलतो, काही ठिकाणी 15 हजारांच्या मर्यादेवर फक्त 1800 महिन्याला कापतात, मग हातात येणारं वाढतं, म्हणून तेही विचारायचं.

तरीही 28.8 हे माझ्या 28 च्या वर होतं, त्यामुळे गुरुवारी साडेसहाचा कॉल पक्का केला. कॉलवर मॅडमनी करंट परत विचारला, आता तोंडी, गप्पांच्या ओघात, आणि मी क्षणभर सांगणारच होतो, फोनवर टाळणं मेसेजपेक्षा खूप अवघड जातं. म्हटलं, रेंज जुळतेय ना मॅडम, मग तो कागद ऑफरच्या वेळी. त्या हसल्या आणि नोटीस पिरियडवर गेल्या. 90 दिवस ऐकून मात्र त्यांचा आवाज जरा उतरला, तो वेगळा विषय.

पुढे तीन राउंड झाले, ऑफर 31.5 ची आली, फिक्स्ड 28.4, आणि करंट मी ऑफर लेटर येण्याआधी स्लिपसकट दिला तेव्हा आकड्यात काही बदल झाला नाही.

त्याच आठवड्यात अजून एक मेसेज आला होता, कन्सल्टन्सीचा, हिंजवडीचा रोल. तोच मजकूर थोडा बदलून पाठवला, कंपनीचं नाव पण विचारलं. उत्तर आलं की क्लायंट 20 च्या वर जाणार नाही. मी थँक्स म्हणून नाही कळवलं. इनमेलला 90 दिवसांत उत्तर आलं, अगदी नकार आला तरी रिक्रूटरला तो पाठवायला खर्च झालेला क्रेडिट परत मिळतो, त्यामुळे नुसतं न बोलता बसण्यापेक्षा दोन ओळी लिहिलेल्या त्यांनाही बऱ्या पडतात. त्या पोराने लगेच विचारलं, "सर, तुमच्या ओळखीत कोणी आहे का, चार वर्षांचा?" होता एक, त्याला विचारून त्याचा नंबर दिला, आणि त्याला आधी फोन करून सांगितलं की रेंज 20 पर्यंत आहे, करंट विचारतील तेव्हा गप्प बस.