आमची वाटचाल: ‘बरं का’ कुठे ठेवायचं?

नौपाड्यात २००९ साली आम्ही सुरुवात केली ती टायपिंगच्या दुकानाने. मी, वहिनी, दोन कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात हमखास गळणारं छत. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांच्या सभांची इतिवृत्तं, जे येईल ते घ्यायचो. व्याख्यानं ऐकून टाइप करायचं काम आलं ते ओघाने. ठाण्यात व्याख्यानं काही कमी होत नाहीत आणि प्रत्येक मंडळाच्या कपाटात रेकॉर्डिंगं पडलेली असतात. तासाभराचं रेकॉर्डिंग शब्दन्‌शब्द उतरवायला आम्हाला पाच-सहा तास लागायचे. जुनी कॅसेट असेल किंवा मागे पंखा घरघरत असेल, तर त्याहून जास्त.

शब्दन्‌शब्द उतरवणं ही नुसती मेहनत आहे. खरा धंदा शिकलो तो एका निवृत्त प्राध्यापकांमुळे. ठाण्याच्या पहिल्या रेल्वेवर ते तासभर बोलले होते. आता तेच व्याख्यान त्यांना स्टुडिओत बसून, कागदावरून वाचून, नव्याने रेकॉर्ड करायचं होतं. म्हणाले, “त्यातला पाला काढा आणि मला वाचण्याजोगी संहिता द्या. पण ऐकणाऱ्याला मी वाचतोय असं वाटता कामा नये.”

मूळ टायपिंग असं होतं:

“तर, अं, सोळा एप्रिल, म्हणजे अठराशे त्रेपन्न साली, सोळा एप्रिलला, दुपारी काय झालं, की बोरीबंदरहून, बरं का, बोरीबंदरहून एक गाडी सुटली. आता गाडी म्हणजे काय, तर, अं, चौदा डबे. आणि तीन इंजिनं. तीन हं! एक नाही. आणि ती, ती निघाली कुठे, तर आपल्या ठाण्याला, बरं का.”

आम्ही त्याचं केलं हे: “१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदर येथून चौदा डबे व तीन इंजिने असलेली गाडी ठाण्याकडे रवाना झाली.” वहिनींना वाक्य फार आवडलं होतं. मलाही. सरांनी दोन पानं मोठ्याने वाचली आणि चष्मा काढला. “हे सरकारी गॅझेट झालं हो. मी कुठे आहे यात?”

पैसे परत मागितले नाहीत, हे त्यांचे उपकार. आम्ही रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, आणि या खेपेला शब्दांपेक्षा शब्दांमागच्या शांततेकडे कान दिला. टाइप केलेल्या कागदावर पेन्सिलीने छोट्या थांब्याला एक रेघ, श्वास घेतला तिथे दोन रेघा. पंधरा मिनिटांचं ऐकून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. सर ‘बरं का’ दोन कामांसाठी वापरत होते. ‘बोरीबंदरहून, बरं का, बोरीबंदरहून’ इथे ते पुढचा शब्द शोधत होते. म्हणून त्याच्या आधी थांबा होता आणि नंतर तोच शब्द पुन्हा आला. ‘ठाण्याला, बरं का’ इथे मात्र शब्द सापडलेला होता, आवाज खाली आला होता आणि सभागृहाला हसायला जागा दिलेली होती. पहिला काढायचा, दुसरा ठेवायचा.

‘म्हणजे’चं तसंच. ‘सोळा एप्रिल, म्हणजे अठराशे त्रेपन्न साली’ हा ‘म्हणजे’ विस्कटलेला क्रम सावरायला आलाय. क्रम आपण लावून दिला की त्याचं काम संपतं. ‘गाडी म्हणजे काय’ मधला ‘म्हणजे’ प्रश्न विचारतोय आणि पुढचं वाक्य त्याचं उत्तर आहे. तो उपटला की उत्तर अधांतरी लोंबकळतं. ‘अं’ मात्र सगळे गेले, त्यांचा विचार करावा लागला नाही.

आणखी एक चूक आम्ही सरळ करण्याच्या नादात केली होती. मराठीत क्रियापद शेवटी, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण माणूस बोलताना ते पुढे ओढतो: ‘निघाली कुठे, तर आपल्या ठाण्याला’. यात ठाणे शेवटी येतं, आणि ठाण्याच्या श्रोत्यांसमोर ते शेवटीच यायला हवं. व्याकरणाने जागेवर बसवलं की त्या शब्दाचं वजन गेलं.

दुसरा मसुदा असा गेला:

“सोळा एप्रिल, अठराशे त्रेपन्न.
दुपारी काय झालं? बोरीबंदरहून एक गाडी सुटली.
आता गाडी म्हणजे काय, तर चौदा डबे आणि तीन इंजिनं.
तीन हं! एक नाही.
आणि निघाली कुठे, तर आपल्या ठाण्याला, बरं का.”

ओळी अशा तोडण्यामागे कारण आहे. स्टुडिओतल्या पहिल्या चाचणीत सरांनी तासाभराचं व्याख्यान चाळीस मिनिटांत संपवलं. पाला गेल्यामुळे काही मिनिटं वाचली असतील, पण बाकी सगळी घाई होती. अडखळताना जो वेळ मिळायचा त्यातच ते श्वास घेत होते आणि ऐकणाराही तेवढ्यात मागचं पचवत होता. अडखळणं काढून तो वेळ परत द्यायचा, तर कागदावर काहीतरी दिसायला हवं. स्वल्पविराम वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतात, नवी ओळ सुटत नाही. म्हणून पेन्सिलीची एक रेघ असेल तिथे नवी ओळ, आणि दोन रेघा असतील तिथे एक ओळ मोकळी. आकडे अक्षरांत, कारण ‘१८५३’ पाहिलं की काही जण ‘एक हजार आठशे त्रेपन्न’ म्हणतात. पुस्तिकेसाठी वेगळी प्रत काढतो, तिच्यात आकडे अंकांत.

फजितीही झाली. सर मूळ रेकॉर्डिंगमध्ये म्हणाले होते, “गाडीत पाचशे, नाही, चारशे पाहुणे होते.” आमच्याकडच्या टायपिंगवाल्या मुलीने ‘नाही’ला पाला समजून उडवलं. उरलं ‘पाचशे चारशे पाहुणे’. मुद्रितशोधकांना ते उलटं वाटलं, म्हणून त्यांनी ‘चारशे-पाचशे पाहुणे’ असं नीटनेटकं केलं. दोघांनीही आपापल्या परीने बरोबरच काम केलं होतं! नेमका आकडा अंदाज होऊन बसला, आणि वाक्य इतकं गुळगुळीत की कागदावर कुणालाच खटकलं नाही. सर स्टुडिओत वाचताना अडले म्हणून कळलं. तेव्हापासून ‘नाही’, ‘म्हणजे’, ‘चुकलो’ यांच्या आजूबाजूला आकडा किंवा नाव असेल तर पिवळा रंग लागतो आणि तेवढं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकल्याशिवाय तो निघत नाही. ज्याने टाइप केलं त्याने साफ करायचं नाही, हाही नियम तेव्हाचाच.

ठेवायचं की काढायचं हे ठरत नसेल, तर वहिनी ते वाक्य मोठ्याने दोनदा वाचतात, शब्दासह आणि शब्दाशिवाय. काढल्यावर जोर दुसऱ्याच शब्दावर सरकला किंवा दोन वाक्यं एकमेकांत घुसली, तर शब्द परत येतो. सरांच्या त्या तासाभरात नव्वदच्या आसपास ‘बरं का’ होते, आम्ही चौदा ठेवले. तेरा पुरले असते असं वहिनींचं अजून म्हणणं आहे.

आता दर सांगण्याआधी एक प्रश्न विचारतो: वाचणार कोण? हा प्रश्नही त्याच संहितेने शिकवला. वर्षभराने ती एका मंडळाने घेतली आणि एका तरुण निवेदिकेकडून वाचून घेतली. तिच्या तोंडी ‘ठाण्याला, बरं का’ इतकं उसनं वाटायला लागलं की ती स्वतःच हसायची. मंडळाने फोन केला. आम्ही चौदाही ‘बरं का’ काढले, ‘तीन हं’ मधला ‘हं’ही काढला. ओळी मात्र होत्या तिथेच तोडलेल्या ठेवल्या, आणि ‘निघाली कुठे, तर आपल्या ठाण्याला’ याला हात लावला नाही. तेवढ्यावर तिचं वाचन सुरळीत झालं.